त्याचा साखरपुडा आणि तुमचे तीन शब्द

बातमी बहुतेक वेळा तिसऱ्याच माणसाकडून कळते. एखादी मावशी फोनवर इकडच्या तिकडच्या गप्पा मारता मारता सहज सांगून जाते, नाहीतर एखादी मैत्रीण मोबाइलवर साखरपुड्याचे छायाचित्र पाठवते आणि खाली विचारते, ‘‘पाहिलंस का?’’ एकेकाळी ज्याच्याबरोबर संसार थाटण्याची स्वप्ने पाहिली, त्याच्या शेजारी आता दुसरीच कुणी शालू नेसून, ओटी भरून घेऊन बसलेली असते. अशा वेळी पोटात खड्डा पडला तर त्यात नवल नाही. पण त्यानंतर लगेच एक व्यावहारिक प्रश्न उभा राहतो. आता काही बोलायचे, की गप्प राहायचे?

गंमत म्हणजे या नात्याला मराठीत धड शब्दही नाही. ‘माजी प्रियकर’ म्हटले की माजी आमदार आठवतो आणि ‘पूर्वीची मैत्रीण’ म्हटले की अर्धी गोष्ट झाकली जाते. ज्या नात्याला नाव नाही त्याच्या रीतीभातीही ठरलेल्या नसतात. चुलत भावाचा साखरपुडा असेल तर कुणी जायचे, काय न्यायचे, काय बोलायचे हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. इथे मात्र प्रत्येकाला आपापल्या अकलेने वाट काढावी लागते आणि ती वाट नेमकी मन ठिकाणावर नसताना काढावी लागते.

मोठ्या शहरात राहूनही ज्यांचे जग लहान असते, त्यांना हा प्रश्न अधिकच छळतो. बेंगळूरच्या मराठी कुटुंबांचेच उदाहरण घ्या. शहर अफाट पसरलेले, पण मराठी माणसे भेटण्याची ठिकाणे मोजकीच. गांधीनगरातले महाराष्ट्र मंडळ, तिथला गणेशोत्सव, कुणाच्या घरचे हळदीकुंकू, कुणाची मुंज. ज्याच्याशी नाते तुटले तो दर दोन-चार महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या पंगतीत समोर येणारच. त्याचे तोंडही पाहायचे नाही, असा निश्चय तिथे टिकत नाही.

म्हणून राजाजीनगरातला एक प्रसंग समोर ठेवू या. त्यातली माणसे प्रातिनिधिक आहेत, पण अशी घरे त्या वस्तीत गल्लोगल्ली सापडतील.

मुलगी एकोणतीस वर्षांची. आजोबा बेळगावकडून नोकरीसाठी आले आणि राजाजीनगरात स्थिरावले. घरात मराठीच बोलतात, पण त्या मराठीत कानडी शब्द इतके मुरलेले, की पुण्याहून आलेला पाहुणा हसू दाबतो. मुलगा मल्लेश्वरमचा. त्याचे आईवडील पुण्याहून येऊन वीस वर्षे झालेली. मंडळाच्या गणेशोत्सवातल्या नाटकाच्या तालमींत दोघांची ओळख झाली. अडीच वर्षे दोघे बरोबर होते. मग त्याच्या घरून विरोध सुरू झाला. विरोधाचे कारण कुणी तोंडाने स्पष्ट सांगितले नाही, पण ‘त्यांच्या घरचं बोलणं, वळण वेगळं आहे गं’ हे वाक्य फिरत फिरत तिच्या आईच्या कानावर आले. मुलाने काही दिवस किल्ला लढवला आणि नंतर हत्यार खाली ठेवले. तिला सांगितले, ‘‘मला सध्या लग्नच करायचं नाही.’’

या गोष्टीला दोन वर्षे झाली आणि आता त्याचा साखरपुडा झाला. मुलगी पुण्याची.

रोज सकाळी ती राजाजीनगर स्थानकावर मेट्रोत चढते. महाकवी कुवेंपु रोड, श्रीरामपुरा आणि मग मल्लेश्वरमचे संपिगे रोड स्थानक. तिथे तो चढतो. आजवर दोघांनी आपापले डबे सांभाळून ही भेट टाळली होती. आता मात्र आईने ताकीद दिली, ‘‘त्याच्या आईनं मला भजनात स्वतः सांगितलं. तू काहीच बोलली नाहीस तर लोक म्हणतील, अजून मनात धरून बसली आहे.’’ वडिलांचे म्हणणे याच्या नेमके उलट. ‘‘कशाला नसती उठाठेव? मिटलं ना सगळं?’’

दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे आणि दोघांचीही एकच चूक होते आहे. दोघेही लोकांचा विचार करीत आहेत. अभिनंदन करावे की नाही, हे लोक काय म्हणतील यावर ठरवले तर ते अभिनंदन नव्हे, ती आपल्या अब्रूची डागडुजी.

चार मजकूर

बातमी कळली त्या रात्री साडेअकरा वाजता तिने मोबाइल हातात घेतला आणि पहिला मजकूर लिहिला.

‘‘अभिनंदन! शेवटी लग्न करायचं ठरवलंस तर!’’

वरवर पाहिले तर थट्टा. पण त्यातला ‘शेवटी’ आणि त्या टोकाचा ‘तर’ हे दोन शब्द खरे बोलतात. दोन वर्षांपूर्वीचे ‘मला सध्या लग्नच करायचं नाही’ हे वाक्य ती त्याच्या तोंडावर परत फेकते आहे. तो हे वाचेल तेव्हा त्याला अभिनंदन ऐकू येणारच नाही, फक्त आरोप ऐकू येईल. आणि आरोप खरा असला तरी तो अभिनंदनाच्या पाकिटात घालून पाठवला की त्याची किंमत जाते. तो सहज म्हणू शकतो, ‘‘मी काही वाईट वाटून घेतलं नाही, तिनं मस्करी केली.’’ मस्करीच्या आडून केलेली तक्रार कुणाच्याच दप्तरी नोंदली जात नाही.

तिने तो मजकूर पुसला. दुसरा लिहिला.

‘‘तू सुखी राहा, एवढंच मला हवं. माझं काय, मी राहीन कशीही.’’

आपल्याकडच्या सिनेमांनी आणि नाटकांनी हा सूर फार लाडका करून ठेवला आहे. त्याग करणारी माणसे पडद्यावर शोभतात. प्रत्यक्षात मात्र ‘मी राहीन कशीही’ हे वाचणाऱ्याला कामाला लावणारे वाक्य आहे. आता त्याने विचारले पाहिजे, ‘‘असं का म्हणतेस? बरी आहेस ना?’’ म्हणजे साखरपुड्याच्या चौथ्या दिवशी त्याने आपल्या होणाऱ्या बायकोला बाजूला ठेवून हिची समजूत घालायला बसावे, अशी ती मागणी आहे. लिहिणारीला हे कळतही नसते. तिला खरोखरच आपण उदार झालो असे वाटत असते.

तिसरा मजकूर दुसऱ्या दिवशी दुपारी लिहिला गेला. तोवर मन थोडे निवळले होते, आणि म्हणूनच हा मजकूर सगळ्यांत फसवा.

‘‘खूप खूप आनंद झाला! ती खरंच नशीबवान आहे. आपले तालमींचे दिवस मी कधी विसरणार नाही. कशी आहे ती? सांग ना.’’

यात कडवटपणा नावालाही नाही. पण एकेक वाक्य तपासून पाहा. ‘खूप आनंद झाला’ हे खरे नाही. निदान आज तरी नाही. ‘ती नशीबवान आहे’ या वाक्यात तिची आणि आपली तुलना आहे. जे मला मिळाले नाही ते तिला मिळाले, असा त्याचा अर्थ. ‘आपले दिवस’ म्हणताना ‘आपले’ या शब्दाने एक जुने कुंपण पुन्हा उभे केले, ज्याच्या आत फक्त हे दोघे आहेत आणि नवी मुलगी बाहेर. आणि ‘सांग ना’ ही तर सरळ सरळ हाक आहे. प्रश्न विचारला की उत्तर येते, उत्तर आले की आपण पुन्हा काही लिहितो. दार उघडे राहते. आशा अशीच, अगदी साध्यासुध्या प्रश्नाच्या रूपाने आत शिरते.

यानंतर तिने दहा दिवस काहीच केले नाही. हे दहा दिवस वाया गेले नाहीत. चौथा मजकूर तिने एका रविवारी सकाळी लिहिला, कॉफी घेता घेता, आणि पाठवण्यापूर्वी आईला वाचून दाखवला.

‘‘तुझा साखरपुडा झाल्याचं आईकडून कळलं. तुम्हा दोघांचं मनापासून अभिनंदन. संसार सुखाचा होवो.’’

इथे बातमी कुठून कळली ते आहे, म्हणजे तिने त्याच्यावर पाळत ठेवलेली नाही हे आपोआप स्पष्ट झाले. ‘तुझं’ नव्हे तर ‘तुम्हा दोघांचं’ आहे, म्हणजे त्या नव्या मुलीला पहिल्याच ओळीत जागा मिळाली. मागच्या दिवसांचा उल्लेख नाही. एकही प्रश्न नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ‘मला आनंद झाला’ हे वाक्य नाही.

या शेवटच्या गोष्टीवर जरा थांबायला हवे. मनापासून अभिनंदन करायचे म्हणजे आपल्याला आनंदच झाला पाहिजे, असा अनेकांचा समज असतो आणि आनंद होत नाही म्हणून ती बिचारी स्वतःला खोटी ठरवतात. पण शुभेच्छा म्हणजे दुसऱ्याचे शुभ व्हावे ही इच्छा. त्यात आपल्या मनाची स्थिती सांगण्याची अट नाही. मला आज वाईट वाटते आहे आणि तरीही त्यांचा संसार सुखाचा व्हावा असे मला वाटते, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. पहिली गोष्ट त्याला सांगण्याची गरज नाही, दुसरी सांगावी. जे खरे नाही ते आणि जे काही मागत आहे ते काढून टाकले की उरतात ते शब्द मनापासूनचे असतात. ते फार थोडे उरतात, याला इलाज नाही.

‘तू’ की ‘तुम्ही’?

मराठीत आणखी एक अडचण येते. काही जणी अंतर दाखवण्यासाठी एकदम ‘तुम्ही’वर येतात. ‘‘तुमचं अभिनंदन. तुम्हाला शुभेच्छा.’’ अडीच वर्षे ज्याला अरे-तुरे केले त्याला अचानक अहो-जाहो केले की तो आदर वाटत नाही, टोमणा वाटतो. ‘तू’च ठेवावे आणि शुभेच्छा देताना ‘तुम्हा दोघांना’ म्हणावे. मात्र जुने लाडाचे नाव, दोघांतच चालणारी एखादी खूण, तालमीतला एखादा संवाद, हे सारे कटाक्षाने टाळावे. बेंगळूरच्या घरांत तर दोन भाषांची सरमिसळ असते. बाहेर चारचौघांत मराठी आणि दोघांत मस्करीने कानडी, अशी ज्यांची सवय होती, त्यांनी ‘अभिनंदनेगळु’ असा कानडी शब्द टाकला तर तिसऱ्याला त्यात काही वावगे दिसणार नाही. पण त्या दोघांना मात्र त्याचा अर्थ बरोबर कळेल, आणि नेमके तेच नको आहे.

बंद पाकिटातले पत्र

आपला मजकूर खरा आहे की त्यात काही लपले आहे, हे ओळखायला दोन साध्या कसोट्या आहेत. पहिली अशी, की हेच शब्द त्याच्या होणाऱ्या बायकोने त्याच्या खांद्यावरून वाचले तर चालेल का? दुसरी अशी, की याला उत्तर आलेच नाही तर आपण काय करू?

पहिल्या कसोटीचे एक विलक्षण उदाहरण डेन्मार्कमध्ये घडले आहे. सोरेन किर्केगार्ड हा तिथला मोठा तत्त्वचिंतक. कोपनहेगनच्या रेगीने ओल्सेन या मुलीशी त्याचा वाङ्निश्चय झाला होता. 1841 साली त्याने स्वतःच तो मोडला, तिने खूप विनवण्या केल्या तरी. दोन वर्षांनी, 1843 मध्ये, रेगीनेचे लग्न योहान फ्रेडरिक श्लेगेल याच्याशी ठरले. नाते मोडणारा हाच होता, तरी ती बातमी त्याला सोसली नाही. त्या वेळी तो एक पुस्तक लिहीत होता, त्याच्या हस्तलिखिताची शेवटची काही पाने त्याने काढून टाकली आणि शेवट नव्याने लिहिला. रेगीनेचे लग्न 1847 मध्ये झाले. त्यानंतरही दोन वर्षांनी, 1849 च्या नोव्हेंबरात, किर्केगार्डने श्लेगेलला पत्र पाठवले आणि त्यात रेगीनेसाठी दुसरे एक बंद पाकीट ठेवले. ते तिला द्यायचे की नाही, हे नवऱ्याने ठरवावे अशी त्याची विनंती होती.

श्लेगेलने ते पाकीट न उघडताच परत पाठवले.

किर्केगार्डने एक गोष्ट बरोबर केली होती. नवऱ्याला वगळून त्याने चोरून पत्र पाठवले नाही. पण नवऱ्याच्या हातातून जाणारे आणि तरीही नवऱ्याने न वाचण्याचे पत्र, ही कल्पनाच मुळात अशक्य आहे. ज्या मजकुराला आतले वेगळे पाकीट लागते तो शुभेच्छांचा मजकूर नसतोच. आज पाकिटाची जागा मोबाइलने घेतली आहे. रात्री पाठवून सकाळी पुसून टाकलेला संदेश, किंवा ‘हे फक्त तुझ्यासाठी’ असे म्हणून सांगितलेली गोष्ट, ही सारी त्या बंद पाकिटाचीच भावंडे.

दुसरी कसोटी अधिक कठोर आहे. मजकूर पाठवल्यावर तासातासाला मोबाइल उघडून दोन निळ्या खुणा दिसतात का हे पाहणे सुरू झाले, तर समजावे की आपण शुभेच्छा दिल्या नाहीत, काहीतरी मागितले आहे. राजाजीनगरच्या त्या मुलीने दहा दिवस थांबण्याचे कारण हेच होते. पहिल्या तीन मजकुरांना तिला उत्तर हवे होते. चौथ्याला नको होते. उत्तर आले तर ठीक, नाही आले तरी तिचे बोलून झाले होते.

उत्तराची ही ओढ म्हणजे स्वभावाचा दुबळेपणा असे मात्र कुणी समजू नये. हेलन फिशर या अमेरिकन संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी 2010 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. नुकतेच प्रेमात नाकारल्या गेलेल्या आणि तरीही त्या व्यक्तीवर प्रेम करीत असलेल्या पंधरा जणांना त्या व्यक्तीचे छायाचित्र दाखवून त्यांच्या मेंदूचे चित्रण केले. मेंदूचे जे भाग व्यसनी माणसाच्या तल्लफेशी जोडलेले आहेत, त्यांतलेच काही भाग या मंडळींच्या मेंदूत जागे झालेले दिसले. पंधरा माणसे म्हणजे काही फार मोठी संख्या नव्हे. पण ज्यांनी असा फोन हातात घेऊन रात्र काढली आहे त्यांना हे पटायला संख्येची गरज पडू नये. तल्लफ आली म्हणून माणूस वाईट ठरत नाही. फक्त तल्लफ आलेली असताना पत्र लिहायला बसू नये, इतकेच.

आणखी एका अभ्यासाचा इथे उपयोग होतो. डेव्हिड सबारा आणि रॉबर्ट एमरी या मानसशास्त्रज्ञांनी 2005 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नाते तुटलेल्या तरुण-तरुणींनी चार आठवडे आपल्या भावनांची रोजची नोंद ठेवली. ज्यांचा त्या जुन्या व्यक्तीशी संपर्क चालू होता, त्यांचे प्रेम आणि दुःख दोन्ही सावकाश ओसरत गेले. म्हणजे बोलणे चालू ठेवले तर जखम भरायला वेळ लागतो. म्हणूनच अभिनंदन एकदाच करावे. साखरपुड्याला एकदा, मग केळवणाला, मग लग्नाच्या आदल्या दिवशी, मग पहिल्या दिवाळीला असे निमित्त शोधत राहिले तर तो शुभेच्छांचा रतीब होतो.

रागाचे काय करायचे?

त्या मुलीचा राग खोटा नव्हता, हेही सांगायला हवे. तिला खोटे कारण दिले गेले. तिच्या घराला, तिच्या बोलण्याला नावे ठेवली गेली. अशा वेळी ‘झाले गेले विसरून जा’ हा सल्ला देणे सोपे असते, कारण सल्ला देणाऱ्याचे काही गेलेले नसते. पण राग विसरल्याशिवाय अभिनंदन करता येत नाही असे नाही. राग आणि अभिनंदन एकाच पत्रात घालू नयेत, एवढेच पथ्य आहे. ज्याला खरोखर जाब विचारायचा आहे त्याने तो सरळ, वेगळ्या वेळी विचारावा. साखरपुड्याचा मुहूर्त त्यासाठी नाही. तोवर सगळे कागदावर लिहून काढावे, मैत्रिणीजवळ बोलावे, हवे तर भांडून घ्यावे. ती मैत्रीण मात्र अशी असावी, की जी हे पुढच्या हळदीकुंकवाला वाटणार नाही.

मुलांच्या बाबतीत हा राग वेगळ्या वाटेने बाहेर पडतो. चार मित्र जमतात, कुणीतरी भरीस पाडते आणि त्या भरात फोन लावला जातो. रडत, चिडत, मधेच अभिनंदन करीत जे काही बोलले जाते ते दुसऱ्या दिवशी बोलणाऱ्याला आठवत नाही, पण ऐकणारी विसरत नाही. शिवाय तो फोन तिच्या घरी कुणी ऐकला तर त्याची शिक्षा तिला होते, त्याला नाही. आपल्या समाजात साखरपुडा झालेल्या मुलीच्या जुन्या नात्याची चर्चा मुलाच्या जुन्या नात्यापेक्षा जास्त चवीने होते, हे कटू सत्य आहे. म्हणून मुलाने मुलीचे अभिनंदन करताना अधिक जपावे. तिच्या घरी तिचे जुने नाते माहीत नसेल, तर मित्रमंडळींच्या गटात सर्वांबरोबर घातलेली एक ओळ पुरेशी आहे. तीही धोक्याची वाटत असेल तर गप्प राहणे ही तिला दिलेली मोठी भेट ठरेल.

काही नात्यांत तर गप्प राहणे हाच एकमेव मार्ग असतो. जिथे मारहाण, धमक्या, संशय यांनी नाते तुटले, तिथे त्या व्यक्तीला शुभेच्छा देण्याचे ओझे कुणी स्वतःवर घेऊ नये. आणि जिने ‘पुन्हा संपर्क करू नकोस’ असे सांगितले आहे, तिला अभिनंदनाचा संदेश पाठवणे हाही संपर्कच. नको असे स्पष्ट सांगूनही एखाद्या स्त्रीशी पुन्हा पुन्हा संपर्क साधणे हा आपल्याकडे 2013 पासून गुन्हा आहे. पूर्वी तो भारतीय दंड विधानात होता, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो 78 व्या कलमात आला आहे. मजकूर गोड आहे म्हणून त्यातून सूट मिळत नाही.

समोरासमोर भेट झाली तर

राजाजीनगरच्या मुलीच्या संदेशाला चार तासांनी उत्तर आले. ‘‘मनापासून आभार. काकूंना नमस्कार सांग.’’ बस्स. आईने विचारले, ‘‘एवढंच?’’ पण उत्तर असेच असायला हवे. ज्याचा साखरपुडा झाला आहे त्याच्यावरही एक जबाबदारी असते. ‘‘तुला वाईट नाही ना वाटलं?’’ असे विचारून त्याने स्वतःचा अपराधीपणा हलका करून घेऊ नये. ‘‘तुलाही लवकरच चांगला मुलगा मिळेल’’ हे तर मुळीच म्हणू नये. तो दिलासा नसतो, वरच्या पायरीवरून टाकलेले नाणे असते. आभार मानावेत, आणि आपल्या होणाऱ्या जोडीदाराला तो संदेश त्याच दिवशी दाखवावा. संदेश दाखवण्यासारखा असेल तर दाखवायला अडचण नसते. नंतर कधीतरी तो तिच्या हाती लागला तर मात्र साधे तीन शब्दही गुन्हा वाटू लागतात.

अभिनंदन करणारी विवाहित असेल, तर हाच नियम तिलाही लागू आहे. नवऱ्याला आधी सांगावे. परवानगी मागण्यासाठी नव्हे, घरात बंद पाकीट नको म्हणून.

लिहून झाले तरी प्रत्यक्ष भेट व्हायचीच. मेट्रोच्या डब्यात, मंडळाच्या जिन्यावर, कुणाच्या मुंजीत. अशा वेळी आधी त्या मुलीकडे पाहून बोलावे, मग त्याच्याकडे. ‘‘अभिनंदन हं, आईकडून कळलं होतं. बेंगळूरची हवा मानवली का?’’ एवढे बोलून पुढे सरकावे. तिच्याशी मैत्री करण्याची घाई करू नये. जुन्या प्रेयसीने नव्या बायकोची जिवलग मैत्रीण होण्याचे प्रयोग बहुधा माहिती काढण्यासाठीच केलेले असतात, मग करणारीने कितीही नाकारले तरी.

लग्नाला जावे का? पत्रिका आली म्हणजे जावेच असे नाही. दोन्ही घरांचा घरोबा असेल तर आईवडील जाऊन आले तरी रीत पाळली जाते. स्वतः जायचे असेल तर घरच्यांबरोबर जावे, जेवून यावे, छायाचित्रात सर्वांच्या मध्ये उभे राहावे. तिथे जाऊन कोपऱ्यात डोळे पुसत बसण्यापेक्षा घरी बसून डोळे पुसणे सर्वांच्याच सोयीचे.

आहेर द्यायचा तर तो संसाराला उपयोगी पडणारा असावा आणि घराच्या नावाने असावा. समई, भांडे, रोख रक्कम, जे काही इतर ओळखीच्यांना देतो तेच. त्याला कधीकाळी आवडत असे म्हणून शोधून आणलेला रंग, ते पुस्तक, ते घड्याळ, हे नको. ती वस्तू दोघांच्या घरात राहणार आहे आणि तिची गोष्ट मात्र एकालाच माहीत असणार आहे.

जुन्या वस्तूंचे काय, हा प्रश्न बहुतेक जणी शेवटी विचारतात. पत्रे, छायाचित्रे, तालमीच्या वेळी घेतलेली एखादी ओढणी. त्या साखरपुड्याच्या निमित्ताने परत पाठवू नयेत. ‘तुझी अमानत तुला परत’ हा अभिनय नव्या घराच्या दारात कशाला? त्याच्या मालकीचे काही मोलाचे असेल, एखादे प्रमाणपत्र, दागिना, उसने पैसे, तर ते मध्यस्थाकरवी, चिठ्ठीशिवाय पोचते करावे. बाकीचे आपले. ठेवायचे तर ठेवावे, जाळायचे तर जाळावे, त्याला कळवू नये. राजाजीनगरच्या मुलीकडे नाटकाची एक वही होती, अर्धी त्याच्या अक्षरातली, अर्धी तिच्या. पुढच्या गणेशोत्सवात मंडळाला जुने नाटक पुन्हा बसवायचे होते, तेव्हा तिने ती दिग्दर्शकांच्या हाती दिली. त्यांना फक्त संवाद हवे होते.